कूलर गुरगुरतो पण पंखा फिरत नाही: दोष शोधण्याचा क्रम

कूलर बंद पडला की बहुतेकांच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "मोटर जळली." ती जळली आहे की नाही हे कोणी पाहिलेलं नसतं. मग मोटर काढली जाते, वाइंडिंगला पाठवली जाते किंवा नवीच आणली जाते, आणि कधीकधी नव्या मोटरनेही पंखा फिरत नाही. कारण दोष मोटरमध्ये नसतोच. हातात पक्कड असलेले लोक आधी सुटा भाग बदलतात आणि मग विचार करतात. क्रम उलटा हवा. म्हणून इथे एकच तक्रार घेतो, सगळ्यात जास्त येणारी: बटण दाबल्यावर 'घूंऽऽ' आवाज येतो, पण पातं जागचं हलत नाही.

माझं काम पंखे, पंप आणि कूलर दुरुस्त करण्याचं आहे. वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला वह्या-पुस्तकं विकणाऱ्या एका ओळखीच्या दुकानदाराचा फोन आला. "दादा, कूलर गेला. मोटर जळली. येताना नवी घेऊनच या." मी दुसऱ्या कामावर होतो, संध्याकाळशिवाय निघता येणार नव्हतं. म्हटलं, "काका, मोटर जळलीय हे कशावरून?" ते म्हणाले, "आवाज करतीय पण फिरत नाही, दुसरं काय असणार?" मी म्हटलं, "आवाज करतीय म्हणजे बहुधा जळलेली नाही. आधी बटण बंद करा." मग त्यांनी सांगितलं की, "जोर लागल्यावर फिरेल" या आशेने दहा मिनिटं ती तशीच चालू ठेवली होती.

सावधान: फिरत नसलेली मोटर चालू ठेवू नका. थांबलेली मोटर चालत्या मोटरपेक्षा बराच जास्त करंट ओढते आणि तिच्यावर वाराही नसतो, त्यामुळे ती पटापट तापते. धड असलेली मोटर खरंच जळते ती याच दहा-पंधरा मिनिटांत. दोन-तीन सेकंदांत पातं हललं नाही तर बटण बंद.

## पायरी 1: काहीही उघडण्याआधी तीन प्रश्न

मी फोनवरूनच एकेक पायरी सांगत गेलो, पण काकांना लगेच पेचकस शोधायला लावला नाही. आधी तीन गोष्टी विचारल्या, आणि अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

पहिली, आवाज येतो का? अजिबात आवाज नसेल तर मोटरमधून करंट जात नाही. सॉकेट, वायर, स्विच, मोटरच्या आतला थर्मल फ्यूज किंवा वाइंडिंग, यांपैकी काहीतरी तुटलेलं असतं. घूं आवाज असेल तर वीज पोचते आहे आणि मुख्य वाइंडिंगमधून करंट जातो आहे. मोटर ढकलायचा प्रयत्न करते आहे, पण तिला सुरुवात मिळत नाही.

दुसरी, पंप चालू आहे का, पाणी पडतंय का? काकांकडे पंप चालू होता. म्हणजे सॉकेट, प्लग आणि मुख्य वायर यांवरचा संशय मिटला.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात जास्त कामाचा वाटतो: अचानक बंद पडला की आधीपासून कुरकुरत होता? काका म्हणाले, "सकाळी लावला तेव्हा व्यवस्थित सुरू झाला. दुपारी लाइट गेली, परत आली, तेव्हापासून हे असं." मी खोदून विचारलं तेव्हा आठवलं की चार-पाच दिवसांपासून पंखा वेग घ्यायला वेळ लावत होता आणि एकवर तर सुरूच होत नव्हता, आधी तीनवर लावून मग एकवर आणावा लागत होता.

सकाळी सुरू होतो आणि दुपारी होत नाही, हे लक्षण पुढे कामी येतं. काकांच्या झेरॉक्स मशीनला स्टॅबिलायझर आहे, त्याच्या पडद्यावर त्या वेळी किती व्होल्ट दिसतात ते पाहायला सांगितलं. 190 होते. त्यांच्याकडे वीज 230 व्होल्टची. अशा मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे 190 व्होल्टला तो 230 च्या मानाने साधारण 68 टक्केच उरतो. भर दुपारी सगळीकडे कूलर-एसी चालू असतात आणि व्होल्टेज बसतं. जो भाग आधीच अशक्त झालेला असतो तो सकाळच्या चांगल्या व्होल्टेजवर कसाबसा निभावतो आणि दुपारी हात टेकतो. म्हणून कूलर नेमक्या सगळ्यात गरम दिवशीच दगा देतो. मोटर खरोखर जळलेली असती तर ती सकाळीही फिरली नसती.

एकदा सुरू झालेला पंखा दुपारभर चालतो आणि लाइट जाऊन आल्यावरच अडकतो, तेही याचमुळे. फिरत राहायला थोडा जोर पुरतो, जास्त लागतो तो उठायला.

## पायरी 2: वीज तोडणं आणि तयारी

"बटण बंद केलंय" एवढं पुरत नाही. पुष्कळ ठिकाणी सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झालेली असते. तिथे बटण न्यूट्रल तोडतं आणि कूलरमध्ये फेज तसाच राहतो. त्यामुळे प्लग सॉकेटमधून उपसायचा आणि डोळ्यांसमोर ठेवायचा. काकांना मी प्लगची दोरी स्वतःच्या खुर्चीवर टाकायला सांगितली, म्हणजे दुकानातला पोरगा चुकून लावणार नाही.

हाताशी काय हवं: पेचकस, चांगला उजेड, कोरडं फडकं, पायात रबरी चप्पल आणि मोटरला सुरुवात करून देणारा कंडेन्सर, म्हणजेच कॅपॅसिटर, मोजू शकणारा मल्टीमीटर. स्वस्त मीटरमध्ये ही सोय नसते, घेताना µF हे चिन्ह आहे का ते बघा. काकांकडे मीटर नव्हता. पोरगा ओळखीच्या वायरमनकडून घेऊन आला.

काकांना मोटर तापलीय का तेही तपासायला सांगितलं, हात लावून नाही तर तळहात जवळ नेऊन. ती चांगलीच तापली होती. म्हणून अर्धा तास थांबलो. मोटर गरम असताना आतला आपोआप जुळणारा संरक्षक तुटलेला असू शकतो, आणि त्या वेळी मोजलं तर धड मोटरही तुटलेली दिसते. हा थांबायचा भाग लोक गाळतात आणि चुकीचं निदान करून बसतात.

तपासा: मागची जाळी काढल्यावर मोटरजवळ नाक न्या. जळालेल्या वॉर्निशचा उग्र, डोक्यात जाणारा वास असेल तर वाइंडिंगवर संशय घ्यायला जागा आहे. नुसता तापलेल्या धुळीचा वास असेल तर पुढे चला. काका म्हणाले, "धुळीचाच येतोय."

## पायरी 3: पातं हाताने फिरवून बघा

ही तपासणी फुकट आहे, मीटर लागत नाही, आणि तरी ती सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. प्लग काढलेला असताना पात्याला बोटाने हलकासा धक्का द्या.

पातं मोकळं असेल तर दोन-तीन चकरा मारून हळूहळू थांबेल. धक्का देताच लगेच थांबलं, बोटाला जड लागलं किंवा एकाच जागी अडून मागे आलं तर दोष यांत्रिक आहे. शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश सुकलेला असतो, शाफ्टवर गंज चढलेला असतो किंवा मोटर पट्टीवरून सरकून पातं कडेला घासत असतं. अशा वेळी कंडेन्सर कितीही बदला, काही होणार नाही.

फिरवून झालं की शाफ्टचं टोक धरून वर-खाली हलवा. जाणवेल इतका खडखडाट असेल तर बुश झिजला आहे. तसा बुश चालू असताना आतल्या फिरत्या रोटरला बाहेरच्या स्थिर स्टेटरवर ओढू देतो आणि लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येतो. बुश नुसता सुकलेला असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचे तीन-चार थेंब शाफ्टच्या तोंडाशी सोडा आणि पातं हाताने वीस-पंचवीस वेळा फिरवा. स्वयंपाकाचं तेल घालू नका. ते पहिल्या दिवशी पंखा सोडवतं आणि मग त्याचा चिकट डिंक होतो. असे डिंक झालेले बुश मी खरवडून काढलेले आहेत. मोटरला बंद बॉल बेअरिंग असेल तर तेलाचा उपयोगच नाही, बेअरिंग बदलावं लागतं.

काकांचं पातं लोण्यासारखं फिरलं. चांगल्या तीन चकरा.

सावधान: "चालू करून काठीने ढकललं की फिरतो" हा उपाय सर्रास सांगितला जातो. काठी पात्यात अडकते, पातं तुटून उडतं, आणि बोटांचं काय होतं ते सांगायला नको. ढकलल्यावर फिरणं हे कंडेन्सर गेल्याचं लक्षण आहे हे खरं. अशी मोटर ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला पळते, अगदी उलटीसुद्धा. पण तेवढंच जाणून घेण्यासाठी हात धोक्यात घालायची गरज नाही, मीटर तेच सांगतो.

## पायरी 4: मोटर न उघडता वाइंडिंगची हजेरी

इथे लोक मोटरच्या सगळ्या वायरी सोडवतात आणि मग कुठली कुठे होती ते विसरतात. पहिल्या अंदाजासाठी काहीच सोडवावं लागत नाही. उपसलेल्या प्लगच्या पिनांवरच मोजता येतं.

मीटर ओहमवर ठेवा. पंपाचं आणि झुलणाऱ्या झडपांचं बटण बंद करा, नाहीतर त्यांचंही माप मिसळेल. पंख्याचा स्विच तीनवर ठेवा आणि मीटरच्या दोन टोकांनी प्लगच्या दोन सारख्या पिना पकडा. मोठी, अर्थिंगची ती तिसरी पिन सोडून. मोटरच्या आकारानुसार काही दहांपासून काही शेकडे ओहमपर्यंत आकडा येईल. आकडा नेमका किती यापेक्षा तो येतो आहे हे महत्त्वाचं. मग स्विच दोनवर, मग एकवर. आकडा थोडा थोडा वाढत जायला हवा.

- तिन्ही वेगांवर पडद्यावर OL आलं तर मार्ग कुठेतरी तुटलेला आहे: दोरी, स्विच, थर्मल फ्यूज किंवा वाइंडिंग.
- एका वेगावर OL आणि बाकीच्यांवर आकडा, तर बहुधा स्विचमधला त्या वेगाचा संपर्क जळलेला आहे. मोटरला हात लावण्याआधी स्विच तपासा.
- जवळपास शून्य आलं तर शॉर्ट आहे. पुढे जाऊ नका, कूलर कारागिराकडे द्या.

काकांनी आकडे वाचून दाखवले: 48, 61, 77. मुख्य वाइंडिंग, वेगाचे फाटे आणि स्विच, तिन्ही हजर. "मग मोटर जळली नाही?" त्यांच्या आवाजात थोडी निराशाच होती, नव्या मोटरची मनाची तयारी झाली होती ना.

या मापाची मर्यादाही सांगतो. याने मोटरमधलं दुसरं, सुरुवात करून देणारं वाइंडिंग कळत नाही, कारण ते कंडेन्सरच्या पलीकडे असतं आणि कंडेन्सर मीटरचा करंट अडवतो. ते पुढच्या पायरीत तपासलं जातं. आणि वाइंडिंगचे एक-दोन वेढे आपसात शॉर्ट असतील तर साधा मीटर ते पकडत नाही. तशी मोटर फिरते, पण अर्ध्या तासात हात लावता येणार नाही इतकी तापते.

## पायरी 5: कंडेन्सर मोजणं

दुकानात ज्याला सगळे कंडेन्सर म्हणतात त्यावर कॅपॅसिटर छापलेलं असतं. पांढरी किंवा काळी डबी, दोन वायरी. तो मोटरच्या पाठीवर, पट्टीवर किंवा वरच्या स्विचच्या खोक्यात असतो. काम एकच: सुरुवातीच्या वाइंडिंगला मिळणारा करंट मुख्य वाइंडिंगच्या करंटपासून वेळेत थोडा सरकवून देणं. त्या सरकण्यानेच फिरतं चुंबकीय क्षेत्र बनतं आणि मोटरला दिशा मिळते. तो गेला की दोन्ही बाजूंची ओढ सारखी होते. मोटर घूं करते, पण कुठे जायचं तेच तिला कळत नाही.

डब्याच्या आत प्लास्टिकच्या पातळ फितीवर धातूचा मुलामा असतो. उष्णतेने आणि व्होल्टेजच्या धक्क्यांनी त्यावर बारीक ठिपके जळत जातात आणि प्रत्येक ठिपक्याबरोबर क्षमता थोडी घटते. म्हणून तो एका रात्रीत मरण्यापेक्षा महिनोन्महिने झिजतो, आणि "हळू सुरू होतो" ही तक्रार आधी येते. डबा फुगलेला किंवा तडकलेला असेल तर मोजायचीही गरज नाही. पण दिसायला नवा असूनही तो आतून अर्धा झालेला असू शकतो, म्हणून नुसत्या नजरेवर भरवसा नको.

क्रम असा:

1. त्याच्या वायरी कुठून कुठे जातात याचा मोबाइलवर फोटो काढा. जवळून एक, लांबून एक.
2. त्यातला चार्ज काढा. सहसा तो वाइंडिंगमधून आपोआप उतरतो, पण सांधा सुटलेला असेल तर राहतो आणि सणकन झटका देतो. फिलामेंटच्या बल्बच्या होल्डरच्या दोन तारा त्याच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. तसा बल्ब नसेल तर जाड प्लास्टिकच्या मुठीच्या पेचकसाचं पातं दोन्ही टोकांना एकदम टेकवा. बारीक ठिणगी पडू शकते.
3. निदान एक वायर सोडवा. जोडलेल्या अवस्थेत मोजलं तर वाइंडिंग आड येतं आणि आकडा खोटा निघतो. इथली चूक फार सामान्य आहे.
4. मीटर कॅपॅसिटरच्या घरावर ठेवून मोजा आणि डब्यावरच्या आकड्याशी ताडून बघा.

काकांच्या डब्यावर 4 मायक्रोफॅरड, 5 टक्के कमी-जास्त, 440 व्होल्ट असं होतं. म्हणजे 3.8 ते 4.2 च्या दरम्यान यायला हवं. त्यांनी वाचलं, "दोन पॉइंट तीन." मी परत मोजायला लावलं, टोकं फडक्याने पुसून. परत 2.3. जवळजवळ अर्धी ताकद गेलेली, वर व्होल्टेज 190. पंखा कशाच्या बळावर उठणार?

वायर सुटलेलीच आहे तर सुरुवातीच्या वाइंडिंगचीही हजेरी घ्या. कंडेन्सरच्या दोन्ही वायरी सोडवा आणि मीटर ओहमवर ठेवून त्या दोन वायरींमध्ये मोजा. आकडा आला तर वाइंडिंग सलग आहे. काकांकडे 130 आला. इथे OL आलं असतं तर कंडेन्सर बदलूनही काही झालं नसतं, मोटर वाइंडिंगलाच द्यावी लागली असती.

सावधान: कंडेन्सर थेट सॉकेटमध्ये चार्ज करून ठिणगी बघायची जुनी पद्धत अजून काही जण वापरतात. डबा फुटू शकतो. शिवाय 2.3 चा कंडेन्सरही छान ठिणगी देतो, त्यामुळे त्या परीक्षेत काकांचा कंडेन्सर पास झाला असता.

## पायरी 6: नवा बसवणं आणि चालू करण्याआधीची तपासणी

मायक्रोफॅरडचा आकडा डब्यावर होता तोच हवा. व्होल्टचा आकडा तितकाच किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही. "4 नाहीये, 6 लावा, जोरात पळेल" असं कोणी म्हटलं तर नाही म्हणा. मोठ्या कंडेन्सरने पंखा खरंच चटकन सुटतो, म्हणून फसायला होतं. पण सुरुवातीच्या वाइंडिंगमधून तिच्या कुवतीपेक्षा जास्त करंट सतत वाहतो आणि हळूहळू मोटर जळते. तेव्हा मात्र "मोटर जळली" हे वाक्य खरं ठरतं.

काकांनी नवा आणला. बसवण्याआधी मी तोही मोजायला लावला, 3.98 आला. नवा भाग न मोजता बसवणं ही माझ्या लेखी चूकच आहे, दुकानातून आलेला दगड मी दोनदा बसवलेला आहे. या कंडेन्सरला उलट-सुलट नसतं, कुठलीही वायर कुठल्याही टोकाला चालते. जोड नुसता पिळून टेप लावू नका, आत पाण्याचे तुषार असतात. कनेक्टर वापरा किंवा झाळून वर इन्सुलेशनची नळी चढवा.

आता प्लग लावायचा मोह होईल. थांबा. पाणी, पत्रा आणि वीज एकत्र असलेलं हे यंत्र आहे, म्हणून दोन मापं घेतल्याशिवाय ते सुरू करायचं नाही. टाकीत पाणी भरलेलं असू द्या, पंप बुडालेला हवा. पंखा आणि पंप दोन्हींची बटणं चालू करा, प्लग अजून बाहेरच. मीटर ओहमच्या सगळ्यात मोठ्या घरावर ठेवून मोठी पिन आणि बाकीच्या दोन पिनांपैकी प्रत्येक, असं मोजा. दोन्ही वेळा OL हवं. आकडा आला तर कुठेतरी गळती आहे, आणि ती बहुधा पंपात असते. मग मोठी पिन आणि कूलरचा उघडा पत्रा यांत मोजा. इथे उलट हवं, जवळपास शून्य. OL आलं तर अर्थिंगची वायर आत तुटलेली आहे आणि गळती झाली त्या दिवशी पत्र्याला हात लावणारा सापडेल.

साधा मीटर बारीक गळती पकडत नाही, त्याला जास्त व्होल्टेज देऊन मोजणारा मेगर लागतो. त्यामुळे माप चांगलं आलं तरी नियम कायम: पाणी भरताना, पॅड हलवताना, पंपाला हात लावताना प्लग बाहेर.

काकांची मापं ठीक आली. जाळी लावली, प्लग लावला, स्विच तीनवर. पंखा 190 व्होल्टवरच पहिल्या सेकंदात उठला. मग बंद करून एकवर सुरू करायला लावला. खरी परीक्षा ती, कारण कमी वेगावर सुरुवातीचा जोर सगळ्यात कमी असतो. तिथेही उठला.

## पायरी 7: वारा आला, गारवा नाही

दहा मिनिटांनी परत फोन. "दादा, फिरतोय झकास, पण वारा गरमच."

इथे लगेच मोटरकडे परत जायचं नाही, आता पाण्याकडे बघायचं. काकांना तिन्ही बाजूंच्या पॅडवर तळहात फिरवायला सांगितला, अर्थात प्लग काढून. दोन बाजू ओल्या आणि उजवी वरपासून खालपर्यंत कोरडी. कोरड्या पॅडमधून येणारी हवा गरमच येते आणि ओल्या पॅडमधून गार झालेल्या हवेत मिसळते, म्हणून एक बाजू सुकली तरी सगळा वारा कोमट लागतो. वरच्या नळीची त्या बाजूची छिद्रं क्षाराने बुजलेली होती. सुईने मोकळी केली, पंपाची जाळी काढली तर तिच्यात गवताचा बोळा. तो काढल्यावर पाणी तिन्हीकडे सारखं पडायला लागलं.

तरीही गारवा किती मिळेल याला हवेची मर्यादा असते, आणि ती मोजता येते. थर्मामीटरच्या टोकाला ओलं सुती फडकं गुंडाळून वाऱ्यात धरा आणि आकडा स्थिर झाला की वाचा. कूलरची हवा त्याच्या खाली कधीच जात नाही. बाहेर 42 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर तो आकडा साधारण 24 येतो आणि चांगल्या पॅडचा कूलर 27-28 अंशांची हवा देतो. हवा 35 अंश पण आर्द्रता 60 टक्के असेल तर ओला आकडाच 28 च्या पुढे असतो. मग कूलर पाचेक अंशांपलीकडे काही करू शकत नाही, आणि तो बिघडलेला नसतो.

तपासा: दुकानाचं दार किंवा समोरची खिडकी उघडी आहे का? कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तितकीच बाहेर जायला वाट हवी. काकांनी गारवा टिकावा म्हणून दार लावून घेतलं होतं. तासाभरात आतली हवा दमट झाली असती आणि पॅडवरचं पाणी उडेनासं झालं असतं. दार अर्धं उघडायला सांगितलं.

## पायरी 8: जुना का गेला ते बघणं

संध्याकाळी मी पोचलो तेव्हा दुकानात बरं वाटत होतं. तरी मागची जाळी काढून बघितलं. नवा कंडेन्सर काकांनी जुन्याच जागी, मोटरच्या पट्टीला नुसत्या वायरींवर लोंबता ठेवला होता, आणि वरच्या पॅडमधून सुटलेला एक थेंब दर थोड्या वेळाने त्याच्यावर पडत होता. जुन्या डब्यावर वायरींच्या तोंडाशी पांढऱ्या क्षाराचा कंगोरा धरलेला होता, तो याच थेंबाचा.

मी तो वरच्या कोरड्या आडव्या पट्टीला केबल टायने बांधला, वायरींचं तोंड खाली करून, म्हणजे पाणी आलंच तर आत न शिरता ओघळून जाईल. पॅडचं वरचं टोक जाळीच्या आत दाबून बसवलं. काकांनी मार्कर आणला आणि डब्यावर महिना, वर्ष आणि "3.98" लिहिलं. पुढच्या मोसमात पॅड बदलायला कूलर उघडला की हाच आकडा परत मोजायचा. 3.6 च्या आसपास आला की दुपारी पंखा अडायची वाट न बघता बदलायचा.